पेन्शन फंड सोन्यापासून लांब का राहतात?

प्रश्न: आमच्या विट्यात घरोघरी सोनं गाळणारे गलाईवाले. रिझर्व्ह बँकही सोनं साठवते. मग पेन्शन फंड आणि देशांची बचत गुंतवणारे संपत्ती निधी सोनं इतकं कमी का ठेवतात?

उत्तर: पेन्शन फंडाला दर महिन्याला रोख पैसे द्यायचे असतात आणि सोनं व्याज देत नाही.

समजा, फंडाकडे १०० कोटी आहेत आणि सांगलीतल्या निवृत्तांना वर्षाला ७ कोटी द्यायचेत. सात टक्क्यांचे सरकारी रोखे घेतले, तर व्याजातूनच पेन्शन निघते, मुद्दल शाबूत. सगळं सोनं असेल तर दरवर्षी त्यातलं थोडं विकावंच लागेल. २०११ ला औंसाला १,९०० डॉलरवर गेलेलं सोनं २०१५ अखेर १,०५० च्या आसपास आलं होतं. अशा काळात तेवढ्याच पेन्शनसाठी जवळपास दुप्पट सोनं विकावं लागतं, आणि विकलेलं सोनं भाव चढला तरी परत येत नाही. माझ्या मते खरी अडचण हीच आहे.

रिझर्व्ह बँकेवर असं मासिक देणं नाही. तिला अडीनडीला चालणारं तारण हवं असतं. १९९१ मध्ये परकीय चलन संपत आलं, तेव्हा सुमारे ४७ टन सोनं बाहेर पाठवून आपण डॉलर उभे केले. शिवाय २०२२ मध्ये रशियाची परदेशातली गंगाजळी गोठवली गेली. मायदेशी तिजोरीतल्या सोन्याला कुणी हात लावू शकलं नाही.

संपत्ती निधींना वाढ हवी असते, म्हणून नॉर्वेचा निधी मुख्यतः शेअर्समध्ये आहे.