उत्पादन ते सामाजिक विपणन: पाच संकल्पना दुचाकींच्या उदाहरणांतून

प्रश्न: बी.कॉम.च्या विपणन तत्त्वांच्या पेपरला उत्पादन, वस्तू, विक्री, विपणन आणि सामाजिक विपणन या पाच संकल्पनांची उत्क्रांती येते. व्याख्या पाठ आहेत, पण उदाहरण दिलं की कुठली संकल्पना हे ओळखता येत नाही. नेमकं काय बघायचं?

व्याख्या बाजूला ठेवा आणि उदाहरण वाचताना एकच बघा: कंपनीला कशाची चणचण आहे आणि ती भागवण्यासाठी विचाराची सुरुवात ती कुठून करते. पाचही संकल्पना मी भारतातल्या दुचाकींवरूनच समजावतो. फक्त पहिलीसाठी अमेरिकेत जावं लागेल.

उत्पादन संकल्पना मानते की वस्तू स्वस्त आणि सहज मिळणारी असली की ती खपते. त्यामुळे सगळं लक्ष कारखान्यावर. फोर्डची मॉडेल टी 1908 मध्ये आली तेव्हा तिची किंमत 850 डॉलरच्या आसपास होती. 1913 मध्ये सरकती जुळणी साखळी सुरू झाली आणि एका गाडीचा सांगाडा जुळवायला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. 1925 पर्यंत तिचं सगळ्यात स्वस्त रूप 300 डॉलरच्याही खाली मिळू लागलं. हे उदाहरण वापरताना एक बाब ध्यानात असू द्या. विपणनाचे अभ्यासक थिओडोर लेव्हिटने 1960 च्या आपल्या प्रसिद्ध लेखात उलटं मत मांडलं होतं: फोर्डने लोकांना परवडेल ती किंमत आधी ठरवली, जुळणी साखळी हा त्याचा परिणाम. मला त्याचं म्हणणं पटतं, आणि उत्तरात हे एक वाक्य आलं तर परीक्षकालाही विचार दिसतो.

बरेच विद्यार्थी इथे बजाज चेतकचं उदाहरण देतात. परवाना राजवटीत चेतकसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, हे खरं. पण ती मागणी जास्त आणि पुरवठा कमी अशी बाजारस्थिती झाली. उत्पादन संकल्पना म्हणजे त्या स्थितीला कंपनीने दिलेला प्रतिसाद: उत्पादन वाढवणं आणि खर्च उतरवणं. किती गाड्या बनवायच्या यावर तेव्हा सरकारी परवान्याचं बंधन होतं. म्हणून चेतक द्यायचीच असेल तर बाजारस्थितीचं उदाहरण म्हणून द्या आणि संकल्पनेसाठी फोर्ड.

वस्तू संकल्पनेत लक्ष कारखान्यावरून वस्तूच्या दर्जावर जातं. आपला माल उत्तम आहे, गिऱ्हाईक येणारच, हा विश्वास. तोटा असा की कंपनी गरजेऐवजी वस्तूवर प्रेम करू लागते. यालाच लेव्हिटने विपणनातला ऱ्हस्वदृष्टिदोष म्हटलं. गिअरची, पत्र्याच्या अंगाची चेतक दणकट होती, दुरुस्तीला सोपी होती. पण नव्वदच्या दशकात घराघरांतली गरज बदलली. तरुणांना कमी पेट्रोल पिणारी मोटरसायकल हवी होती, तर अनेक स्त्रियांना आणि वयस्कांना किक आणि गिअरशिवाय चालणारी गाडी. दणकटपणा वाढवून यातलं काहीच साधत नव्हतं. बजाजने 2001 मध्ये पल्सर आणून मोटरसायकलची गरज ओळखली, पण 2009 मध्ये स्कूटर बनवणं थांबवायचा निर्णय घेतला. म्हणून उत्तरात पूर्ण कंपनीवर शिक्का मारू नका. गिअरच्या स्कूटरपुरतंच हे उदाहरण लागू होतं.

विक्री संकल्पनेत माल तयार असतो आणि चणचण गिऱ्हाइकाची असते. मागे लागल्याशिवाय लोक घेणार नाहीत, असं गृहीत धरून जाहिरात, सवलत आणि विक्रेत्यांची फौज कामाला लावली जाते. आयुर्विमा हे नेहमीचं उदाहरण, कारण आपणहून विमा मागायला फार कमी लोक जातात. दुचाकींमध्ये मार्च 2017 बघा. 1 एप्रिलपासून बीएस-3 या जुन्या प्रदूषण मानकाची वाहनं विकता येणार नाहीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 29 मार्चला दिला. तेव्हा सुमारे 6.7 लाख दुचाकी पडून होत्या. पुढचे दोन दिवस हजारो रुपयांच्या सवलती जाहीर झाल्या आणि शोरूमसमोर गर्दी उसळली. गिऱ्हाइकाला काय हवंय हा विचार तिथे कुणालाच परवडणारा नव्हता, साठा संपवणं हेच ध्येय होतं. अर्थात दोन दिवसांच्या सवलतीवरून कंपनीची कायमची वृत्ती ठरत नाही. ती ओळखायची खूण वेगळी आहे: कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्यांचा आकडा महिन्यामागून महिना चढतो, पण आरटीओत नोंदणी तितकी वाढत नाही. म्हणजे माल पुढे ढकलला गेला, विकला गेला नाही.

विपणन संकल्पनेत विचाराची दिशाच उलटते. या भागाला सर्वांत जास्त जागा द्या, कारण विक्री आणि विपणनातला फरक हमखास विचारला जातो. तो चार मुद्द्यांत मांडा. सुरुवात कुठून: विक्रीत कारखान्यातून, विपणनात बाजारातून. भर कशावर: तयार मालावर की गिऱ्हाइकाच्या गरजेवर. साधन कोणतं: विक्री आणि जाहिरात, की वस्तू, किंमत, वितरण, प्रसिद्धी यांची एकत्र जुळणी. नफा कशातून: विक्रीच्या प्रमाणातून की गिऱ्हाइकाच्या समाधानातून. आता हिरो होंडाची 1985 ची सीडी 100 या चौकटीत बसवून पाहा. पेट्रोलचा खर्च ही पगारदार माणसाची रोजची चिंता. तिला उत्तर म्हणून कमी पेट्रोल लागणारं फोर-स्ट्रोक इंजिन आलं, आणि जाहिरातही तेच सांगत होती: ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. गरज, यंत्र आणि जाहिरात एकाच रेषेत. जाहिरात इथेही आहे, त्यामुळे ‘जाहिरात दिसली की विक्री संकल्पना’ असं समजू नका.

सामाजिक विपणन संकल्पना विपणन संकल्पनेची एक उणीव भरते. टू-स्ट्रोक स्कूटरवर गिऱ्हाईक खूश होतं: किंमत कमी, उचल चांगली. विपणन संकल्पनेनुसार गणित तिथे पूर्ण होतं. पण धूर मागून येणाऱ्याच्या छातीत जातो, आणि तो तर गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाइकाचं समाधान, कंपनीचा नफा आणि समाजाचं दीर्घकालीन हित या तिघांचा तोल सांभाळणं ही कल्पना फिलिप कोटलरने 1972 मध्ये मांडली. इथे दोन गल्लती होतात. कायद्याची मुदत आली म्हणून स्वच्छ इंजिन बसवणं हे कायदापालन झालं. सक्तीच्या आधी, स्वतःच्या निर्णयाने केलं तर ते या संकल्पनेत येतं. आणि कंपनी कायदा 2013 नुसार ठरावीक मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणंही यात मोडत नाही. तो पैसा नफा झाल्यावर वेगळा निघतो, तर ही संकल्पना वस्तू कशी बनवायची आणि विकायची यातच उतरावी लागते.

‘उत्क्रांती’ या शब्दामुळे कालखंडांचं कोष्टक काढायचा मोह होतो. असं कोष्टक रॉबर्ट कीथने 1960 मध्ये अमेरिकेतल्या पिल्सबरी या पिठाच्या कंपनीवरून मांडलं: तिसाच्या दशकापर्यंत उत्पादन, मग पन्नासपर्यंत विक्री, पुढे विपणन. एका कंपनीचा हा अनुभव पाठ्यपुस्तकांनी जगाचा इतिहास करून टाकला. रोनाल्ड फुलर्टनने 1988 मध्ये त्यावर आक्षेप घेतला, की त्या तथाकथित उत्पादनयुगातही कंपन्या मागणी निर्माण करायला भरपूर धडपडत होत्या. म्हणून कोष्टक द्या, पण खाली लिहा की या पाचही वृत्ती आज एकाच बाजारात शेजारी शेजारी नांदतात. कोष्टकात वस्तू आणि सामाजिक विपणन या संकल्पनांसमोर कीथचं नाव मात्र घालू नका. त्याच्या मांडणीत त्या दोन्ही नव्हत्या.