पदवी, पदविका, सर्टिफिकेट, सर्टिफिकेशन आणि परवाना: यांतला कोणता कागद परत घेता येतो?

प्रश्न: माझी शाळा संपत आली आहे. सर्टिफिकेट, सर्टिफिकेशन, डिप्लोमा, लायसन्स आणि डिग्री यांत नेमका फरक काय? पुढचा मार्ग निवडताना कशाकडे बघावे?

उत्तर:

हे पाच कागद वेगळे ओळखायचे असतील, तर प्रत्येकाबद्दल आधी एकच गोष्ट विचारावी, असे मी सुचवेन: याची मुदत संपते का, आणि दिलेला कागद काढून घेता येतो का? अभ्यासक्रमाचे सर्टिफिकेट, पदविका आणि पदवी हे तिन्ही कागद तुम्ही काय शिकलात ते सांगतात. ते झालेल्या गोष्टीविषयी असतात, म्हणून त्यांना मुदत नसते, आणि खोटेपणा उघड झाल्याखेरीज ते सहसा रद्द होत नाहीत. सर्टिफिकेशन आणि परवाना मात्र तुम्ही आज ते काम करण्यास पात्र आहात की नाही हे सांगतात, म्हणून ते बहुधा वेळोवेळी टिकवावे लागतात आणि रद्दही होऊ शकतात. या दोघांतही एक मोठा फरक आहे. सर्टिफिकेशन नसताना काम करणे सहसा बेकायदेशीर नसते, पण जिथे कायद्याने परवाना सक्तीचा केला आहे, तिथे परवान्याशिवाय काम करणे हा गुन्हा ठरू शकतो.

परवान्यासाठी व्यावसायिक वैमानिकाचे उदाहरण घेतो, कारण त्याचे किमान निकष आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलेले आहेत आणि बहुतेक देश त्यांच्या आधारेच आपापले नियम करतात. विमानाच्या व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी वय किमान १८ असावे लागते. उड्डाणाचे किमान २०० तास लागतात. मान्यताप्राप्त प्रशिक्षण अभ्यासक्रम सलग पूर्ण केला असेल, तर १५० तास पुरतात. त्यातले काही तास मुख्य वैमानिक म्हणून भरावे लागतात, आणि किमान ५४० किलोमीटरचा असा एक प्रवास करावा लागतो, ज्यात वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबलेले असले पाहिजे. हवाई नियम, हवामानशास्त्र, दिशादर्शन अशा विषयांच्या परीक्षा आणि उड्डाणाची प्रत्यक्ष चाचणी वेगळीच. या सगळ्या अटींमध्ये विद्यापीठाची पदवी कुठेही नाही. एखादी विमान कंपनी नोकरीसाठी पदवी मागू शकते, पण ती त्या कंपनीची अट असते, परवान्याची नव्हे.

आता उलट बाजू पाहा. एखाद्याने विमानशास्त्रातली पदवी उत्तम गुणांनी मिळवली, प्रशिक्षण संस्थेकडून अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे सर्टिफिकेटही घेतले, तरी एवढ्यावर त्याला मोबदला घेऊन विमान चालवता येत नाही. तो अधिकार फक्त देशाचे विमान वाहतूक प्राधिकरण देते. परवाना हातात आल्यावरही प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र चालू असावे लागते. त्याची मुदत व्यावसायिक वैमानिकासाठी साधारणपणे १२ महिने असते आणि काही प्रकारच्या कामात ठरावीक वयानंतर ती आणखी कमी होते. वैद्यकीय तपासणीत तो अपात्र ठरला, तर परवाना खिशात असूनही त्याला विमान चालवता येत नाही. पदवीचे मात्र तसे होत नाही. आजारपणामुळे कोणाची पदवी थांबत नाही, कारण पदवी कोणतीही परवानगी देतच नाही.

सर्टिफिकेट आणि सर्टिफिकेशन यांची गल्लत सर्वांत जास्त होते, आणि माझ्या मते सर्वाधिक पैसाही इथेच वाया जातो. सर्टिफिकेट देणारी संस्था बहुधा शिकवणारीच असते. तुम्ही अभ्यासक्रम पूर्ण केला, एवढेच ती सांगते, आणि कधीकधी तर केवळ हजेरी सांगते. सर्टिफिकेशनमध्ये तुम्ही कुठे आणि कसे शिकलात याला सहसा दुय्यम महत्त्व असते. जाहीर केलेल्या निकषांवर तुमची क्षमता तपासली जाते. व्यक्तींना सर्टिफिकेशन देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि निःपक्षपातीपणा व ठरावीक काळाने फेरतपासणी ही त्यातली महत्त्वाची तत्त्वे आहेत.

संगणक जाळ्यांच्या क्षेत्रातले सिस्को कंपनीचे सीसीएनए हे सर्टिफिकेशनचे चांगले उदाहरण आहे. परीक्षेला बसण्यासाठी कोणत्याही औपचारिक पात्रतेची अट नाही. तुम्ही घरी पुस्तक वाचून शिकलात तरी चालते. ते ३ वर्षे वैध राहते, आणि ती मुदत संपण्यापूर्वी पुन्हा परीक्षा देऊन किंवा सतत शिक्षणाचे गुण मिळवून ते पुढे चालू ठेवावे लागते. याच विषयाचा वर्ग घेणारी एखादी संस्था शेवटी ‘सीसीएनए अभ्यासक्रम पूर्ण’ असे सर्टिफिकेट देते, तेव्हा ती दुसरीच गोष्ट असते. मी भरतीचे अर्ज तपासतो, आणि दोन्ही कागद एकच समजून भरलेले अर्ज मला नेहमी दिसतात. सर्टिफिकेशनला ओळख क्रमांक असतो आणि तो देणाऱ्या संस्थेकडून पडताळून घेता येतो. शिवाय मुदतीची तारीख आणि नूतनीकरणाचे नियम जाहीर असतात. यातले काहीच नसेल, तर कागदावर सर्टिफिकेशन हा शब्द छापलेला असला, तरी ते सर्टिफिकेटच समजावे. सर्टिफिकेट निरुपयोगी असते असे मात्र मी म्हणणार नाही; एखादे ठरावीक कौशल्य कमी वेळात शिकण्यासाठी चांगला अभ्यासक्रम फार उपयोगी पडतो, फक्त किंमत त्या शिकण्याची असते.

पदविका आणि पदवी यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. पदविका सहसा पदवीपेक्षा कमी काळाची आणि प्रत्यक्ष कामाकडे अधिक झुकलेली असते, मात्र या नावाचा अर्थ देशागणिक बदलतो. काही देशांत शाळा पूर्ण केल्याच्या कागदालाही डिप्लोमाच म्हणतात. म्हणून नावापेक्षा एक गोष्ट तपासावी: या पदविकेचे श्रेयांक पुढे पदवीसाठी धरले जातात का, आणि कोणते विद्यापीठ ते धरते? हे उत्तर पदविका देणाऱ्या संस्थेकडून नव्हे, तर त्या विद्यापीठाच्या प्रवेश नियमांतून घ्यावे. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने ठरलेल्या संस्थांनाच असतो, आणि तिचा खरा उपयोग पुढच्या दारांसाठी होतो: पदव्युत्तर शिक्षण, संशोधन, आणि वैद्यकासारखे व्यवसाय, जिथे मान्यताप्राप्त पदवी हीच परवान्याची पहिली पायरी असते.

तेव्हा अभ्यासक्रमापासून सुरुवात न करता कामापासून मागे यावे. जे काम करायचे आहे आणि जिथे करायचे आहे, तिथे त्याला परवाना लागतो का, हे आधी नियामक संस्थेच्या नियमांत बघावे. लागत असेल, तर परवान्याच्या पात्रतेच्या अटी वाचाव्यात आणि त्या अटींत बसणारा अभ्यासक्रमच निवडावा, कारण मान्यता नसलेल्या संस्थेतली वर्षे तिथे मोजली न जाण्याचा धोका असतो. परवाना लागत नसेल, तर त्या कामाच्या जाहिराती वाचून पदवी मागतात की सर्टिफिकेशन, ते पाहावे. वैमानिक व्हायचे असेल, तर उड्डाण प्रशिक्षणाचे शुल्क भरण्यापूर्वी प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रंगदृष्टीतला दोष शाळेत अनेकदा लक्षात आलेला नसतो, पण तो या तपासणीत दिसून येतो.