सीबीडी असेल तर गांजा सुरक्षित?

प्रश्न: टीएचसी आणि सीबीडी दोन्ही गांजातलेच घटक. मग सीबीडी भरपूर असलेला गांजा घेतला तर सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा, धोका टळतो का?

उत्तर: नाही, तसा भरवसा धरू नका. नशा येते ती टीएचसीमुळे. ते मेंदूतल्या सीबी१ रिसेप्टरला चिकटून त्याला चालना देतं आणि जास्त झालं की संशय, भीती, भास सुरू होऊ शकतात. सीबीडी त्या जागी जेमतेम चिकटतं, त्यामुळे नशा येत नाही. पण म्हणून ते टीएचसीचा उतारा ठरत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या प्रयोगात निरोगी लोकांना १० मिलिग्रॅम टीएचसीसोबत ०, १०, २० आणि ३० मिलिग्रॅम सीबीडी वाफेतून दिलं. तिप्पट सीबीडीनेही संशय किंवा विस्मरण कमी झालं नाही. सायकोसिसच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत सीबीडीचा डोस रोज ८०० ते १००० मिलिग्रॅम होता. ओढण्यातून तेवढं मिळत नाही.

खरा फरक टीएचसीचं प्रमाण आणि वारंवारता यांनी पडतो. युरोप आणि ब्राझीलमधल्या २०१९च्या अभ्यासात १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसीचा गांजा रोज ओढणाऱ्यांत, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, सायकोसिसची शक्यता जवळपास पाचपट दिसली. हा संबंध आहे, एकट्या गांजाचा दोष सिद्ध झालेला नाही. आनुवंशिकताही यात असते. बहुतेक ओढणाऱ्यांना सायकोसिस होत नाही, पण घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल किंवा सुरुवात किशोरवयात झाली असेल तर जोखीम वाढते.

नशा उतरल्यावरही आवाज ऐकू येणं किंवा कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटणं टिकलं, तर गांजा थांबवून लगेच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.