‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ : एका ‘अ’ची किंमत

प्रश्न : शब्दकोशात ‘फ्यू’ म्हणजे थोडे आणि ‘अ फ्यू’ म्हणजेही थोडेच. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’चंही तसंच. मग त्या ‘अ’ने नेमका काय फरक पडतो? आणि ‘मच’ कुठे, ‘मेनी’ कुठे, हे पाठांतर न करता कसं ओळखायचं?

सोसायटीच्या सभेला सात माणसं आली असं समजा. एक सचिव लिहितो, ‘अ फ्यू पीपल केम, सो वुई स्टार्टेड द मीटिंग.’ दुसरा लिहितो, ‘फ्यू पीपल केम, सो वुई कॅन्सल्ड द मीटिंग.’ माणसं दोन्हीकडे सातच. पहिला म्हणतोय, ‘काही माणसं आली, सभा सुरू केली.’ दुसरा म्हणतोय, ‘फारसं कोणी आलंच नाही, रद्द केली.’ म्हणजे हा फरक आकड्याचा नाही. बोलणाऱ्याची नजर जे आहे त्याकडे लागली आहे की जे नाही त्याकडे, एवढाच तो फरक आहे. ‘अ फ्यू’ होकाराच्या बाजूचं, ‘फ्यू’ नकाराच्या बाजूचं. मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’ हीच दोन कामं करतात.

शब्दकोशाने दोन्हीकडे ‘थोडे’ लिहून घोळ घातला खरा, पण मराठीला हा भेद अनोळखी नाही. आपण तो ‘च’ने दाखवतो. ‘डब्यात थोडे लाडू आहेत’ म्हटलं की हात पुढे होतो, ‘थोडेच लाडू आहेत’ म्हटलं की मागे येतो. इंग्रजी ‘अ’ लावून होकाराकडे जाते, मराठी ‘च’ लावून नकाराकडे. ‘मी थोडाच घाबरतो त्याला!’ या वाक्यात तर ‘थोडाच’चा अर्थ ‘अजिबात नाही’ इथपर्यंत पोचतो. इंग्रजीत ‘लिटल’चंही असंच होतं. ‘लिटल डिड आय नो’ म्हणजे ‘मला थोडं माहीत होतं’ नव्हे, ‘मला पत्ताच नव्हता’. तिथे ‘डिड’ कर्त्याच्या आधी आलं आहे, तेही ‘नेव्हर’सारख्या नकारी शब्दानंतर येतं तसंच.

‘फ्यू’ नकारी आहे याचा आणखी पक्का पुरावा वाक्याच्या शेपटीत मिळतो. ‘अ फ्यू पीपल केम, डिडन्ट दे?’ आणि ‘फ्यू पीपल केम, डिड दे?’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. होकारी वाक्याला नकारी शेपटी आणि नकारी वाक्याला होकारी, हा नियम शाळेत शिकवतात. त्या नियमाच्या हिशेबात ‘फ्यू’ सरळ नकारात जमा होतो, वाक्यात ‘नॉट’ कुठेही नसताना.

मग ‘अ’मध्ये असं काय आहे? ‘अ डझन’, ‘अ हंड्रेड’ आठवा. पुढे अनेकवचनी नाम असूनही आधी ‘अ’ येतो, कारण त्या सगळ्यांची एक मोट बांधली जाते. ‘अ फ्यू’ ही तशीच छोटी, न मोजलेली मोट आहे. मराठीत हे काम ‘चार’ करतो : चार पैसे गाठीशी आहेत, चार दिवस राहा, चार शब्द बोला. इथे चार म्हणजे तीनानंतरचा आकडा नसतो. म्हणून एक सोपी कसोटी वापरता येते. मराठी वाक्यात ‘काही’ किंवा हा सैल ‘चार’ बसला, तर इंग्रजीत ‘अ फ्यू’. ‘फारसे… नाहीत’ असं फिरवता आलं, तर नुसतं ‘फ्यू’. मोजता न येणारं नाम असेल, तर ‘थोडंसं’ बसलं की ‘अ लिटल’ आणि ‘फारसं… नाही’ बसलं की ‘लिटल’.

ही कसोटी परीक्षेतल्या गाळलेल्या जागांपेक्षा ईमेलमध्ये जास्त लागते. आपल्याकडच्या कार्यालयांतून रोज जाणारं एक वाक्य घ्या : ‘आय हॅव फ्यू डाउट्स अबाउट द कॉन्ट्रॅक्ट.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, ‘कराराबद्दल माझ्या काही शंका आहेत.’ लंडनमधला माणूस वाचतो, ‘कराराबद्दल मला फारशा शंका नाहीत,’ आणि खूश होऊन पुढच्या कामाला लागतो. अर्थ नुसता हलला नाही, पुरता उलटला. ‘अ’ घातला तरी वाक्य पूर्ण सुधारत नाही, कारण ‘डाउट’ म्हणजे विचारायची शंका नव्हे, तो अविश्वासाकडे झुकतो. ‘आय हॅव अ फ्यू क्वेश्चन्स’ हे नेमकं. याच जातीची आणखी दोन वाक्यं सांगतो. ‘आय नीड लिटल हेल्प’ म्हणजे ‘मला मदतीची फारशी गरज नाही’, त्यामुळे मदत मागायला हे वाक्य लिहिलं तर कोणी फिरकणार नाही. आणि ‘देअर आर फ्यू चेंजेस इन द ड्रॉइंग’ वाचून ठेकेदार जुनाच नकाशा वापरेल, कारण त्याच्या मते बदल नगण्य आहेत.

चूक अशी का होते, तेही उघड आहे. मराठीत नामाआधी ‘अ’सारखा शब्द लागत नाही, त्यामुळे ‘अ’ गळला तर आपल्या कानाला काही खटकत नाही. ‘आय सॉ डॉग’मधली चूक वाचणारा मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. ‘आय हॅव फ्यू डाउट्स’मध्ये दुरुस्त करण्यासारखं काही दिसतच नाही, कारण वाक्य व्याकरणशुद्ध आहे, फक्त तुमच्या मनातलं नाही.

आता शेजारी येणाऱ्या शब्दांकडे बघू, कारण ते पारडं फिरवतात. ‘ओन्ली अ फ्यू’ म्हटलं की ‘अ’ असूनही अर्थ ‘मोजकेच’ होतो. ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’च. उलट ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे थोडे नव्हेच, ‘बरेच’. ‘नॉट अ फ्यू’ला तर मराठीत तयार जोडी आहे : ‘थोडेथोडके नाहीत’. ‘व्हेरी’ आणि ‘सो’ मात्र ‘अ’च्या आधी येत नाहीत. ‘व्हेरी फ्यू’ आणि ‘सो लिटल’ चालतं, ‘व्हेरी अ फ्यू’ असं इंग्रजीत कोणी म्हणत नाही.

तुम्ही विचारलेले बहुतेक शब्द एकाच वाक्यात बघायचे असतील, तर चर्चिल यांनी 20 ऑगस्ट 1940 रोजी ब्रिटिश संसदेत ब्रिटनच्या लढाऊ वैमानिकांबद्दल उच्चारलेलं वाक्य घ्या : ‘नेव्हर इन द फील्ड ऑफ ह्यूमन कॉन्फ्लिक्ट वॉज सो मच ओड बाय सो मेनी टू सो फ्यू.’ माणसं मोजता येतात, म्हणून ऋणी असलेल्या जनतेला ‘मेनी’ आणि वैमानिकांना ‘फ्यू’. ऋण मोजता येत नाही, म्हणून त्याला ‘मच’. शेवटी ‘फ्यू’च हवा होता. ‘टू अ फ्यू’ म्हटलं असतं, तर ‘काही जणांचे उपकार आहेत’ इतकंच उरलं असतं आणि एवढ्याशा माणसांनी एवढं मोठं काम केलं हा विरोध नाहीसा झाला असता. पुढे त्या वैमानिकांना ‘द फ्यू’ हेच नाव पडलं. ‘द’ लागला की ‘ते ठरावीक मोजके’ असा तिसरा अर्थ येतो.

‘मच’ आणि ‘मेनी’ची वाटणी याच मोजता येण्यावर आहे. मराठीत दोन्हीकडे ‘किती’ चालतो : किती माणसं, किती पाणी. तरी नाम अनेकवचनी असेल तर ‘मेनी’ आणि एकवचनी असेल तर ‘मच’, हे बऱ्याचदा जमून जातं. ‘फार वेळ’ म्हणजे ‘मच टाइम’, ‘अनेक वेळा’ म्हणजे ‘मेनी टाइम्स’. घसरायला होतं ते मराठीत अनेकवचनी आणि इंग्रजीत अगणनीय असलेल्या शब्दांवर. आपल्याकडे पैसे, बातम्या, सल्ले, केस ही सगळी अनेकवचनं आहेत. इंग्रजीतले मनी, न्यूज, अ‍ॅडव्हाइस आणि डोक्यावरचे हेअर मात्र मोजत नाहीत. म्हणून ‘हाउ मच मनी’, ‘अ लिटल अ‍ॅडव्हाइस’. नोटा मोजता येत असताना ‘मनी’ अगणनीय कसा, असं मुलं हमखास विचारतात. मोजता येते ती नोट किंवा रुपया, त्यामुळे ‘हाउ मेनी रुपीज’ बरोबरच आहे. खात्री करायची तर त्या इंग्रजी शब्दाआधी ‘टू’, म्हणजे दोन हा आकडा, लावून बघा. ‘टू रुपीज’ होतं, ‘टू मनीज’ होत नाही. (‘लिटल’ चुकून मोजता येणाऱ्या नामाला लावला तर तो आकार सांगायला लागतो. ‘अ लिटल प्रॉब्लेम’ म्हणजे एक छोटी अडचण, ‘अ फ्यू प्रॉब्लेम्स’ म्हणजे चार अडचणी. ‘अ लिटल चिकन’ ताटात असेल तर थोडं चिकन, अंगणात असेल तर पिल्लू.)

‘मच’ची एक खोड पाठ्यपुस्तकं सहसा सांगत नाहीत. ‘आय हॅव मच वर्क’ नियमात बसतं, पण बोलताना पुस्तकी वाटतं. साध्या होकारी वाक्यात ‘अ लॉट ऑफ वर्क’ म्हणतात. ‘मच’ रमतो नकारात आणि प्रश्नात, अगदी आपल्या ‘फारसा’सारखा. ‘मला फारसं काम नाही’ म्हणतो आपण, ‘मला फारसं काम आहे’ म्हणत नाही. आधी ‘सो’, ‘अति’ या अर्थाचा ‘टू’ किंवा ‘अ‍ॅज’ आला की मात्र होकारी वाक्यातही ‘मच’ खुशाल वापरावा. ‘मेनी’ला ही अडचण कमी जाणवते.

नुसते ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ही बोलण्यात विरळच. ‘फारसे मित्र नाहीत’ हे सांगायला इंग्रज माणूस ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स’पेक्षा ‘आय डोन्ट हॅव मेनी फ्रेंड्स’ किंवा ‘व्हेरी फ्यू’ म्हणेल. म्हणून आपल्याच ईमेलमध्ये सुटा ‘फ्यू’ दिसला, तर आधी ‘अ’ गळला असल्याचा संशय घ्यावा. आणि खरोखर कमतरताच सांगायची असेल, तर ‘नॉट मेनी’ किंवा ‘नॉट मच’ लिहावं. त्यात गळायला ‘अ’च नसतो, आणि नकारही उघड दिसतो.