टँकर ते हौद: मोटर घेण्याआधी पाइप बघा

भाऊ, हौद जमिनीखाली आहे, म्हणजे पाणी वर चढवायचंच नाही. मग मोटर कशाला? आपल्याकडे खान्देशात उन्हाळ्यात दारात येतो तो ५,००० लिटरचा ट्रॅक्टर टँकर धरा. गल्ली अरुंद, हौद मागच्या अंगणात, पाइप ३० मीटर. टँकरमधल्या पाण्याची पातळी जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, पाइपाचं तोंड हौदात मीटरभर खाली सोडलेलं. म्हणजे सव्वादोन मीटरचा उतार मिळाला. तोंड हौदाच्या झाकणावरच ठेवलं तर त्यातला मीटर फुकट जातो.

एवढ्या उतारावर दोन इंची पाइप सेकंदाला साधारण अडीच लिटर देतो. अर्ध्या-पाऊण तासात टँकर रिकामा. एक इंची लावाल तर तीन तास, आणि ड्रायव्हर काही तेवढा थांबायचा नाही! व्यास निम्मा केला की पाणी निम्मं नाही, पाचव्या हिश्शाहून कमी येतं.

मध्येच धार बारीक झाली तर आधी वळणावर बघा, लपेटा पाइप तिथेच दुमडतो. हौदाचं तोंड उंच जोत्यावर असेल तर मात्र मोटर लागेल. तेव्हा टँकरकडचा ओढीचा पाइप कडक घ्या, लपेटा तिथे चिपकतो.