मॅग्नेशियम: सायट्रेट, ग्लायसिनेट की ऑक्साइड?

प्रश्न: आईला मॅग्नेशियमची कमतरता आहे. ऑक्साइडच्या गोळीने जुलाब होतात. दुसरं कोणतं घ्यावं?

ग्लायसिनेट. ऑक्साइडच्या ५०० मिलिग्रॅममध्ये सुमारे ३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, पण ते पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून थोडंच शोषलं जातं. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब होतात. ग्लायसिनेटमध्ये मॅग्नेशियम जेमतेम १४ टक्के, तरी ते पोटाला सौम्य असतं. त्यामुळे डबीवर ‘एलिमेंटल’, म्हणजे प्रत्यक्ष मॅग्नेशियमचा आकडा बघा, गोळीचं वजन नको. सायट्रेट चांगलं शोषलं जातं, पण शौचाला पातळ करतं. बद्धकोष्ठता असेल तरच ते बरं.

आईंना मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच देऊ नका. थायरॉइडची गोळी चालू असल्यास मध्ये चार तासांचं अंतर ठेवा.