पत्राला नको, कामाला भाव दे

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्री झोप लागली नाही. उद्यमबागेतल्या तुझ्या मशीन शॉपमधला व्हीएमसी मशीनचा सेटर कागलच्या कंपनीचं ३६,००० चं ऑफर लेटर टेबलावर ठेवून गेला. त्याला आज हातात २८,००० मिळतात. पत्राएवढाच पगार देऊन त्याला थांबवू का, असं तू विचारलंस. नको. पत्राला भाव देऊ नकोस, कामाला दे.

आधी त्याच्यासोबत बसून ते पत्र नीट वाच. ३६,००० हा सीटीसी आहे. कंपनीचा पीएफचा १,८०० चा वाटा त्यातच धरलाय, त्याचे १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० कापले जाणार. हातात येणार ३२,२००. पीएफ त्याच्याच नावावर जमा होतो, हेही सांग. पण महिन्याला हातातला फरक ४,२०० चाच आहे, आणि कागलला खोली आणि मेस त्यातूनच भागवायची. हे घाबरवायला नको, कागदावर मांडून दाखव. मग विचार, पैसे सारखे असते तरी गेला असतास का? "हो" म्हणाला तर दुखणं दुसरं आहे, बहुधा सलग रात्रपाळी. पगाराने ते सुटत नाही.

आता स्वतःला विचार, तो नसला तर तसा सेटर किती देऊन मिळेल? ३२,००० लागणार असतील तर तू त्याला कमी देत होतास, चूक तुझी. दे वाढवून, पण त्याच मशीनवर दुसऱ्या पाळीत सेटिंग करणाऱ्यालाही त्याच तारखेपासून. २९,००० मध्ये मिळत असेल तर त्याला आनंदाने जाऊ दे. नोटिशीच्या दिवसांत सेटिंग शीट, ऑफसेट आणि प्रोग्रामची प्रत मात्र लिहून घे.

मी एका टर्नरला दुपारच्या दुपारी पत्राएवढा पगार दिला होता. सात तारखेला पगार झाला, आठ तारखेला दोघे पत्रं घेऊन दारात. कोण कोणाला किती घेतो हे चहाच्या टपरीवर लपत नाही रे! आणि तो टर्नर? सातव्या महिन्यात गेलाच. तोवर मी त्याला एकही नवा जॉब दिला नाही, कारण माझ्या मनातून तो आधीच गेला होता. त्याला ते कळत होतं. त्याचा दोष नव्हता. मी पत्राला भाव दिला होता.

पुढे पत्र आणणाऱ्या एकालाही मी थांबवलं नाही. हट्टी म्हणाले मला. असेन. पण दर एप्रिलला बाजारात विचारून प्रत्येक कामाचा दर मीच आधी वाढवायचो, म्हणून पत्रंच कमी यायला लागली. तू दोन वर्षं दर बघितलेच नाहीस, याचा मात्र राग आला मला.

त्याला कागलला कधीपर्यंत कळवायचंय ते आजच विचार. त्याच्या दोन दिवस आधी तुझं उत्तर त्याच्या हातात पडू दे. ताटकळत ठेवू नकोस.

तुझा,
काका